फर्म ते प्रायव्हेट लिमिटेड: शेअर कोणाला किती?

बीड, गेवराई, माजलगाव, धारूर, परळी. कापसाच्या या पट्ट्यातली कुठलीही जुनी जिनिंग-प्रेसिंग घ्या, फाटकावरच्या पाटीवर 'अँड सन्स', 'ब्रदर्स' किंवा 'अँड कंपनी' असते आणि आत भागीदारी फर्म असते. दोघा-तिघा भावांनी सुरू केलेला हा धंदा आता मुला-पुतण्यांच्या हातात आला आहे. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा वाढवायची वेळ आली, एखाद्या भागीदाराचे निधन झाले किंवा बाहेरचे भांडवल घ्यायचे ठरले, की सीए सुचवतात, "फर्मची प्रायव्हेट लिमिटेड करून टाका."

सूचना चुकीची नसते. भागीदारीपत्रात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार भागीदाराच्या मृत्यूबरोबर फर्म विसर्जित होते. कंपनी मात्र भागधारक गेला तरी चालूच राहते, त्याचे शेअर वारसांकडे जातात. फर्मच्या कर्जापोटी भागीदाराच्या घरादारावर टाच येऊ शकते. कंपनीत भागधारकाची जबाबदारी शेअरच्या रकमेपुरती असते, अर्थात त्याने बँकेला वैयक्तिक हमी दिलेली नसेल तरच. जिनिंगच्या धंद्यात बँक ही हमी सहसा घेतेच, त्यामुळे या फायद्याचा हिशेब जरा जपून मांडावा.

पण "करून टाका" म्हणण्याइतके हे काम सोपे नाही. अर्ज, शुल्क, प्रमाणपत्र हा भाग सीए आणि कंपनी सेक्रेटरी पार पाडतात. अडते ते दुसरीकडेच. नव्या कंपनीचे शेअर कोणाला किती मिळणार, हे भागीदारीपत्रातला नफ्याचा वाटा ठरवत नाही. ते ठरते फर्मच्या वहीतल्या भांडवली खात्यांवरून. बहुतेक घरांत ही खाती वर्षानुवर्षे कोणी नीट पाहिलेली नसतात.

दोन वाटा, दोन परिणाम

फर्मची कंपनी करण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली अशी, की स्वतंत्र नवी कंपनी काढायची आणि तिने फर्मचा धंदा विकत घ्यायचा. यात जागा, इमारत, यंत्रसामग्री एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते. स्थावर मालमत्तेचा दस्त करावा लागतो आणि त्यावर खरेदीखतासारखे मुद्रांक शुल्क भरावे लागते.

दुसरी वाट म्हणजे फर्मचीच कंपनी म्हणून नोंदणी करणे. कंपनी कायदा 2013 च्या एकविसाव्या प्रकरणात, कलम 366 पासून 374 पर्यंत, तिची पद्धत दिली आहे. नोंदणीच्या दिवशी फर्मच्या मालकीचे जे काही असेल ते कलम 368 प्रमाणे आपोआप कंपनीचे होते. फर्मची देणी कायम राहतात आणि चालू असलेले दावे नोंदणी झालीच नसल्यासारखे पुढे चालू राहतात. 1956 च्या जुन्या कायद्यात हीच सोय नवव्या भागात होती.

या दोन वाटांमधला फरक आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 1980 च्या दशकात एका निकालात स्पष्ट केला. तो खटलाही आपल्याच धंद्यातला, श्री रामानुज जिनिंग अँड राइस फॅक्टरीचा होता. फर्मची थेट कंपनी म्हणून नोंदणी झाली तर मालमत्ता कायद्यानेच कंपनीत निहित होते आणि वेगळ्या खरेदीखताची गरज उरत नाही. कंपनी स्वतंत्रपणे काढली असेल तर मात्र रीतसर हस्तांतरण करावेच लागते, असे त्यात सांगितले आहे.

पूर्वी या वाटेवर एक मोठा अडसर होता. अर्ज करायला किमान सात सभासद लागत. तीन भावांच्या फर्मला बायका, मुले, मेहुणे यांना भागीदार करून सातचा आकडा गाठावा लागे. 2018 पासून ही अट दोनवर आली. सातपेक्षा कमी सभासद असतील तर नोंदणी खासगी कंपनी म्हणूनच होते. त्यामुळे दोघा भावांच्या फर्मलाही आज ही वाट खुली आहे.

टेक्सस्पिनचा खटला

कर लागतो का, हा पुढचा प्रश्न. फर्मची वीस वर्षांपूर्वी काही लाखांत घेतलेली जागा आज कोटींची झाली असेल आणि ती कंपनीकडे गेली, तर भांडवली नफ्यावर कर भरायचा का?

महाराष्ट्रात या प्रश्नावरचा गाजलेला निकाल टेक्सस्पिन इंजिनिअरिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग वर्क्स या फर्मचा आहे. ही फर्म जुन्या कायद्याच्या नवव्या भागाखाली कंपनी झाली. फर्मची मालमत्ता कंपनीकडे गेली म्हणजे हस्तांतरण झाले, फर्म संपली म्हणजे मालमत्तेचे वाटप झाले, तेव्हा कर द्या, असे आयकर खात्याचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये ते अमान्य केले. मालमत्ता कंपनीत आली ती कायद्यामुळे, कोणी कोणाला दिली म्हणून नव्हे. भागीदारांमध्ये काही वाटलेही गेलेले नाही. भागीदारांना शेअर मिळाले हे खरे, पण ते मालमत्तेची किंमत म्हणून मिळालेले नाहीत, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा गाभा होता.

खटला चालू असतानाच सरकारने कायद्यात तरतूद केली. आयकर कायदा 1961 च्या कलम 47 मध्ये तेरावे उपकलम आले. फर्मची जागा कंपनीने घेतली तर ते हस्तांतरण मानले जाणार नाही, मात्र चार अटी पाळाव्या लागतील. पहिली, धंद्याची सर्व मालमत्ता आणि सर्व देणी कंपनीकडे यावीत. दुसरी, सगळे भागीदार कंपनीचे भागधारक व्हावेत, आणि तेही त्या दिवशी त्यांच्या भांडवली खात्यांचे जे प्रमाण असेल त्याच प्रमाणात. तिसरी, शेअरखेरीज कोणत्याही भागीदाराला कोणत्याही रूपाने दुसरा मोबदला किंवा लाभ मिळू नये. चौथी, या भागीदारांकडे मिळून कंपनीतली किमान 50 टक्के मते असावीत आणि पुढची पाच वर्षे राहावीत.

अट मोडली तर माफ झालेला कर परत उभा राहतो, आणि तो कंपनीलाच, अट मोडली त्या वर्षी भरावा लागतो. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाला असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. कागदपत्रांत नवे क्रमांक पडताहेत ना, ते तपासून घ्यावे.

चार भागीदारांचा हिशेब

दुसरी अट वाचायला साधी आहे. ती घरात काय करते, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, गेवराई तालुक्यात चौघांची जिनिंग फर्म आहे: तीन भाऊ आणि वारलेल्या चौथ्या भावाचा मुलगा. भागीदारीपत्रात नफ्याचा वाटा चौघांना सारखा, प्रत्येकी 25 टक्के आहे. इतकी वर्षे सगळे स्वतःला चार आण्यांचे मालक समजत आले आहेत.

आता ताळेबंद उघडू. थोरल्या भावाने घरखर्च शेतीवर भागवला आणि फर्ममधले पैसे तसेच ठेवले. त्याच्या भांडवली खात्यावर 1 कोटी 20 लाख रुपये जमा आहेत. मधल्याच्या खात्यावर 60 लाख आहेत. धाकट्याने बीडला घर बांधले, त्याचे 20 लाख उरले आहेत. पुतण्याने वडिलांच्या आजारपणात आणि बहिणीच्या लग्नात उचल घेतली. त्याचे खाते 5 लाखांनी उणे आहे.

या स्थितीत अर्ज केला तर पुतण्याला शेअरच देता येत नाहीत, कारण त्याचे भांडवलच नाही. सगळे भागीदार भागधारक झाले पाहिजेत ही अट तिथेच मोडते. उरलेल्या तिघांच्या 2 कोटींत थोरल्याचे 60 टक्के, मधल्याचे 30 आणि धाकट्याचे 10 होतात. काल नफ्यात चौथा हिस्सा घेणारा धाकटा आता दर शंभर रुपये लाभांशामागे दहा रुपयांचा धनी होतो. थोरला मात्र 60 टक्के मतांच्या जोरावर साधे ठराव एकट्याने मंजूर करू शकतो. घरात कोणी कोणाला फसवलेले नाही. वह्याच तसे सांगतात.

हे दुरुस्त करता येते, पण अर्जाच्या बरेच आधी आणि खऱ्या पैशाने. समजा, चौघे बसले आणि 40, 30, 20, 10 असे प्रमाण ठरले. थोरल्याने 40 लाख काढून घेतले, त्याचे 80 लाख उरले. मधला 60 वरच राहिला. धाकट्याने 20 लाख आणले, त्याचे 40 झाले. पुतण्याने 25 लाख भरले, म्हणजे उणे 5 भरून निघाले आणि 20 लाख जमा झाले. एकूण 2 कोटी. दहा रुपयांचा एक शेअर धरला तर 20 लाख शेअर होतात आणि ते 8, 6, 4 आणि 2 लाख असे वाटले जातात.

हे सगळे व्यवहार बँकेतून झाले पाहिजेत. पुतण्याने 25 लाख आणले कुठून, याचे उत्तर त्याच्याकडे हवे. थोरल्याने 40 लाख काढण्यापूर्वी कर्ज देणाऱ्या बँकेची संमती हवी, कारण भागीदारांचे भांडवल किती हे पाहूनच तिने मर्यादा मंजूर केलेली असते.

इथे दोन मोह हमखास होतात. एक, थोरल्याचे जादा 40 लाख रोख न देता रूपांतराच्या तोंडावर त्याच्या नावे कर्ज खात्यात वळवायचे, म्हणजे कंपनी त्याला सावकाश परत करेल. ही नोंद तिसऱ्या अटीच्या कचाट्यात सापडू शकते, कारण भागीदाराला शेअरखेरीज वेगळा लाभ मिळाला असे आयकर खाते म्हणू शकते. दुसरा मोह जागेच्या किमतीचा. जागेची किंमत वाढवून दाखवायची आणि ती वाढ चौघांच्या भांडवलात सारखी जमा करायची, म्हणजे उणे खाती आपोआप भरतील. मनसुख डाइंग अँड प्रिंटिंग मिल्सच्या प्रकरणात फर्मने मालमत्तेचे मूल्य 17.34 कोटी रुपयांनी वाढवून ती वाढ भागीदारांच्या खात्यांत जमा केली होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये ही नोंद म्हणजे मालमत्तेचे वाटपच आहे असे ठरवले आणि कर कायम केला. 2021 पासून या संबंधीची कलमेही अधिक कडक झाली आहेत.

आणखी एक बारकावा आहे. कायदा प्रमाण पाहतो ते कंपनी फर्मची जागा घेते त्या दिवसाचे, म्हणजे नोंदणीच्या दिवसाचे. अर्जासोबतची शेअरची यादी मात्र आधीच्या हिशेबावर बनते. मधल्या काळात फर्मने नफा कमावला आणि तो सारखा वाटून खात्यांत जमा झाला, तर 40-30-20-10 चे प्रमाण सरकते. प्रमाणपत्र नेमके कोणत्या तारखेला येईल हे आपल्या हातात नसते. म्हणून जिनिंगवाल्यांनी अर्ज ऐन हंगामात, दिवाळी ते फेब्रुवारी, करू नये. पावसाळ्यात गाठींचा साठा संपलेला असतो, नफा-तोट्याची हालचाल थंड असते. तेव्हा उचल थांबवून, भांडवली खाते आणि चालू खाते वेगळे ठेवण्याचे कलम भागीदारीपत्रात घालून काम केले, तर फरक कमीत कमी राहतो.

सातबाऱ्यावर कोण?

बीडमध्ये दुसरी मोठी अडचण जमिनीची. कलम 368 ने कंपनीकडे येते ते 'फर्मच्या मालकीचे'. अनेक जिनिंगची जागा मात्र सातबाऱ्यावर वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असते. शेड फर्मने बांधलेली, घसारा फर्मने घेतलेला, जमीन मात्र एकट्याची. अशी जमीन आपोआप कंपनीची होत नाही. ती आधी फर्ममध्ये भांडवल म्हणून आणायची ठरवली, तर आणणाऱ्या भागीदाराला भांडवली नफ्यावर कर आणि महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे खरेदीखताइतके शुल्क लागते. बहुतेकांना परवडणारा मार्ग दुसराच असतो. जमीन मालकाच्याच नावे ठेवायची आणि कंपनीने त्याच्याशी दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा करायचा. त्यासाठी बँकेचा होकार मात्र आधीच घ्यायचा.

जमीन फर्मच्या नावे असली तरी ती बिनशेती आहे का, हे पाहावे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने इथे आजही हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 लागू आहे. शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन जाण्यावर त्यात बंधने आहेत. पुढची शेड बिनशेती आणि मागचे कापूस उतरवायचे मैदान अजून शेतीच, असे चित्र पुष्कळ ठिकाणी दिसते. इनामाची किंवा वर्ग-2 ची जमीन असेल तर परवानगीचा वेगळाच प्रश्न उभा राहतो. हे सगळे अर्जाच्या आधी मिटवायचे असते.

नोंदणी झाल्यावर फेरफारासाठी तलाठी कार्यालयात गेले, की पहिला प्रश्न येतो, "दस्त कुठे आहे?" दस्त नसतोच, कारण हक्क कायद्याने आलेला असतो. नोंदणी प्रमाणपत्र, कलम 368, जुने भागीदारीपत्र आणि फर्मच्या मालमत्तेची यादी असा संच सोबत न्यावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. मुद्रांकाबद्दल शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय आधी मागून घ्यावा. तो कागद हातात असला की पुढचा वाद टळतो.

अर्ज ते प्रमाणपत्र

प्रत्यक्ष क्रम असा. सगळ्या भागीदारांची लेखी संमती घ्यायची. तारण कर्ज देणाऱ्या प्रत्येक बँकेचे ना-हरकत पत्र मिळवायचे. यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून ते पहिले काम समजावे. मग कंपनीचे नाव आरक्षित करायचे. एका इंग्रजी आणि एका मराठी दैनिकात `URC-2` नमुन्यात जाहिरात द्यायची, तिच्यावर हरकतीसाठी 21 दिवस असतात. त्यानंतर `URC-1` अर्ज भरायचा. त्याला भागीदारीपत्र, भागीदारांची शेअरसंख्येसह यादी, सीएने प्रमाणित केलेले मालमत्ता-देण्यांचे ताजे विवरण आणि फर्म विसर्जित करण्याची कागदपत्रे नंतर दाखल करू अशी सर्व भागीदारांची प्रतिज्ञापत्रे जोडायची. प्रमाणपत्र आल्यावर 15 दिवसांत ज्या निबंधकाकडे फर्म नोंदलेली होती त्यांना कळवायचे.

त्या दिवसापासून पॅन बदलतो. फर्मच्या पॅनचे चौथे अक्षर `F` असते, कंपनीचे `C`. पॅन बदलला म्हणजे जीएसटी क्रमांकही नवा आला. जुन्या क्रमांकावर पडून असलेले क्रेडिट `ITC-02` भरून नव्याकडे न्यायचे, आणि हे फर्मचा जुना क्रमांक रद्द करण्यापूर्वी करायचे. बाजार समितीचा परवाना, महावितरणची जोडणी, कारखाना परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती या सगळ्यांवर नाव बदलून घ्यायचे. यात सर्वांत आधी आगीच्या विम्याकडे जावे. कापसाच्या गंजीला आग लागण्याचा धोका जिनिंगमध्ये रोजचा आहे. कापूस कंपनीचा आणि पॉलिसी फर्मच्या नावे, अशा स्थितीत दावा लावायची वेळ आली तर विमा कंपनीला हरकतीला जागा मिळते. प्रमाणपत्र आले त्याच दिवशी पॉलिसीवर नावबदलाची नोंद मागावी.

कोणी करावे, कोणी थांबावे

कंपनी झाल्यावर रोजचा व्यवहारही बदलतो. फर्ममध्ये नफ्यावर एकदा कर भरला की भागीदाराच्या वाट्याला पुन्हा कर लागत नाही. कंपनीचा कराचा दर कमी, 22 टक्क्यांच्या पर्यायात अधिभार व उपकर धरून सुमारे 25.17 टक्के, तर फर्मचा मूळ दरच 30 टक्के. पण कंपनीने लाभांश वाटला की तो भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो. नफा धंद्यातच ठेवून नवी यंत्रे घेणाऱ्याला कंपनी परवडते. दरवर्षी नफा घरी नेणाऱ्याला तितकी परवडत नाही. गल्ल्यातून उचल घेण्याची सवय तर सोडावीच लागते, कारण कंपनीने संचालकाला कर्ज देण्यावर कायद्याची कडक बंधने आहेत.

तेव्हा, ज्या घरात पुढच्या पिढीला एकत्र धंदा वाढवायचा आहे, बँकेचे कर्ज मोठे आहे आणि नफा आत ठेवायची तयारी आहे, त्यांनी हे रूपांतर जरूर करावे. ज्यांचा एकमेकांशी हिशेब अडलेला आहे त्यांनी आधी तो मिटवावा. कंपनी झाल्यावर तोच वाद शेअरच्या आकड्यांत पक्का होतो आणि मग सोडवायला न्यायाधिकरण लागते. सीएला फोन करण्यापूर्वी दोनच कागद काढून सगळ्या भागीदारांनी एकत्र बसून वाचावेत: गेल्या 31 मार्चच्या ताळेबंदातले भांडवली खात्यांचे पान आणि जागेचा ताजा सातबारा. त्यांवर कोणाला आश्चर्य वाटले नाही, तर अर्जाला हरकत नाही.